लेखक आणि डिझायनर मिळून मोठं काम कसं घ्यावं: एका स्मरणिकेचं कोटेशन

खान्देशात दर दोन-चार गावांमागे एखादी पतसंस्था, शिक्षण संस्था किंवा दूध संघ रौप्य नाहीतर सुवर्ण महोत्सवाच्या उंबरठ्यावर असतो. त्यांना स्मरणिका हवी असते. मी जळगावात लेखनाची कामं करते, आणि बरीच वर्षं अशा कामांतला फक्त मजकूर माझ्या वाट्याला यायचा. संचालकांना लेखक, डिझायनर, मुद्रितशोधक असे तीन माणसं शोधायची नसतात. एकाच माणसाला फोन करावा आणि छापायला तयार फाइल मिळावी, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून मी धुळ्याच्या एका डिझायनरसोबत मिळून कोटेशन द्यायला लागले. अमळनेरकडच्या एका पतसंस्थेची 96 पानांची स्मरणिका आम्ही अशीच केली. ते काम समोर ठेवूनच सांगते.

कोटेशनच्या आधी चाचणी घ्या, आणि ती मराठी मजकुराची घ्या. डिझायनरची जुनी कामं बघून त्याचा हात कळतो, पण तुमचा मजकूर त्याच्या कॉम्प्युटरवर नीट उतरतो का ते कळत नाही. आपण युनिकोडमध्ये लिहितो. अनेकांकडे अजून जुने फाँट असतात, त्यात मजकूर कन्व्हर्टरमधून न्यावा लागतो आणि तिथे जोडाक्षरं तुटतात. मी दोन पानं पाठवली. त्यात ‘शेतकऱ्यांच्या’, ‘वऱ्हाड’, ‘राष्ट्रीय’, ‘आर्द्र’ हे शब्द मुद्दाम घातले होते. पीडीएफ परत आली तेव्हा ‘शेतकऱ्यांच्या’मधला ऱ्य फुटला होता आणि एका ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर गेला होता. त्यांनी फाइल इनडिझाइनमध्ये घेतली, परिच्छेदाला `World-Ready Paragraph Composer` लावलं, युनिकोड फाँट निवडला आणि अक्षरं जागेवर आली. हे छपाईच्या आदल्या रात्री कळलं असतं तर 96 पानं पुन्हा वाचावी लागली असती.

मग हिशोबाला बसलो, पारोळ्याला, दोघांनाही सोयीचं म्हणून. चहा यायच्या आधीच ते म्हणाले, “ताई, तुमनं काम कितलं, मनं काम कितलं, ते पहिले सांगा.” सुरुवात इथूनच करावी. एकूण रकमेचे टक्के आधी ठरवू नका, कामाची पानं मोजा. छापखान्यात पुस्तक साधारण 16 पानी फॉर्म्यात बसतं, म्हणून 96 पानं म्हणजे सहा फॉर्मे. त्यातली 32 पानं जाहिरातींची, 16 फोटोंची, उरलेली 48 मजकुराची. मजकूर माझा, शिवाय संस्थापक आणि जुन्या सभासदांच्या बारा मुलाखती आणि सगळ्या पानांचं मुद्रितशोधन. मुखपृष्ठ, मांडणी, जाहिराती आणि जुने फोटो साफ करणं त्यांच्याकडे. प्रत्येकाने आपल्या कामाचा दर आपणच लावला: माझे 51,600, त्यांचे 46,000. वर समन्वयाचे 8,000, कारण फोन, बैठका आणि संचालकांच्या मागे लागणं मी करणार होते. एकूण 1,05,600. समन्वयाची ओळ मुद्दाम वेगळी ठेवा. ती नसली की ज्याचा फोन वाजतो तो फुकट राबतो आणि दोन महिन्यांत मनात कुरकुर सुरू होते.

छपाई आम्ही कोटेशनमध्ये घेतली नाही. कागदाचा भाव बदलला किंवा रंग फिका उतरला तर तो धोका आपला व्हायला नको. संस्थेने छापखान्याला थेट पैसे द्यावेत, आम्ही फाइल देऊ आणि पहिला प्रूफ पाहू, एवढं लिहून दिलं.

बिल कोणी द्यायचं हा खरा नाजूक भाग आहे, आणि इथे मी एकदा चुकले होते. आधीच्या एका कामात बिल माझ्या नावाने गेलं, टीडीएस कापून पैसे आले, आणि जमा झालेली रक्कम मी निम्मी-निम्मी वाटली. पण कापलेला टीडीएस माझ्या पॅनवर जमा झाला होता. विवरणपत्र भरताना त्याचा फायदा मला मिळाला, सोबतच्या माणसाचे पैसे मात्र कमी गेले. पुढच्या वर्षी हिशोब पाहताना हे लक्षात आलं आणि मी फरक दिला. या स्मरणिकेत 10 टक्के टीडीएस कापला गेला, म्हणजे 1,05,600 पैकी हातात 95,040 आले. तरी डिझायनरला पूर्ण 46,000 दिले, त्यांच्याकडून तेवढ्याचं बिल घेतलं आणि ते माझ्या खर्चात दाखवलं. दुसरा मार्ग म्हणजे दोघांनी संस्थेला वेगवेगळी बिलं देणं. त्यात कर सरळ राहतो, पण बऱ्याच संस्थांना एकच नाव हवं असतं. एक गोष्ट विसरू नका: सगळं बिल तुमच्या नावावर असेल तर पूर्ण रक्कम तुमच्या उलाढालीत धरली जाते. आपल्याकडे सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख आहे, तिच्या जवळ असाल तर आधी सीएला विचारा.

नफा वाटून घेण्याची भाषाही लिहू नका. 1932च्या भागीदारी कायद्यात नफा वाटून घेण्याच्या करारावरच भागीदारी उभी राहते, आणि भागीदार म्हटलं की एकाच्या देण्याला दुसराही जबाबदार होऊ शकतो. आम्ही एका पानाच्या कागदावर एवढंच लिहिलं: दोघे स्वतंत्र व्यावसायिक, प्रत्येकाचं काम आणि त्याची ठरलेली रक्कम, तारखा, सह्या.

पैसे तीन हप्त्यांत मागितले: 40 टक्के आगाऊ, 30 टक्के पहिल्या संपूर्ण पीडीएफला, 30 टक्के छपाईची फाइल हातात देण्याआधी. फाइल दिल्यावरचा हप्ता वसूल करणं अवघड जातं. दोघांचं काम एकाच वेगाने होत नाही, हेही ध्यानात घ्या. लेखन आधी होतं, मांडणी नंतर, त्यामुळे शेवटचा हप्ता अडकला तर डिझायनरचं नुकसान जास्त. म्हणून आम्ही ठरवलं की कुठलाही हप्ता बुडाला तर तोटा दोघांच्या रकमांच्या प्रमाणात वाटायचा, मग मी माझे पैसे आधीच घेतलेले असोत.

काम रखडतं ते दुरुस्त्यांत. आमच्या संस्थेत तेरा संचालक होते आणि प्रत्येकाला आपलं नाव, पद, फोटो तपासायचा होता. आम्ही अट घातली की दुरुस्त्या एकाच माणसाकडून, एकाच कागदावर येतील, आणि मजकुराच्या अंतिम प्रतीवर सही झाल्यावरच मांडणी सुरू होईल. सहीनंतर दोन फेऱ्या मोफत, तिसरीला पानामागे पैसे. ही अट नसली की एक परिच्छेद वाढतो, पुढची पानं सरकतात, जाहिरात डाव्या पानावरून उजव्यावर जाते आणि जाहिरातदार रागावतो. सहकारी संस्थांना वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते आणि स्मरणिका तिथेच वाटायची असते. म्हणून जुलै संपेपर्यंत सही झाली नाही तर पुढची तारीख पाळता येणार नाही, असं आम्ही पत्रात लिहून दिलं होतं.

हक्कांचं कोटेशनमध्येच लिहा. लेखन आणि मांडणीचे हक्क आपोआप संस्थेकडे जात नाहीत; कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतरण लेखी लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते. आम्ही पूर्ण पैसे मिळाल्यावर मजकूर आणि अंतिम पीडीएफचे हक्क संस्थेला दिले, पण मांडणीची उघडी फाइल डिझायनरकडेच राहिली. दोन वर्षांनी अहवालासाठी ती मागायला संस्थेचे व्यवस्थापक धुळ्याला गेले, आणि त्या फाइलचे वेगळे पैसे त्यांनी दिले.