टोकनचा दिवा लागतोय, पण पोर्टलला टोकन दिसत नाही: या चुका टाळा

निविदा भरायची मुदत दुपारी ३ वाजता. २ वाजून १० मिनिटांनी तरुण कारकुनाने सगळी कागदपत्रं चढवली, सहीचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं: टोकन सापडलं नाही. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन तर सकाळपासून त्याच्या टेबलावरच्या संगणकाला लावलेलं होतं. तो मात्र बैठकीच्या खोलीत लॅपटॉपवर बसून रिमोट डेस्कटॉपने तो संगणक चालवत होता.

इथेच घोळ होता. रिमोट डेस्कटॉपने आत शिरलं की विंडोज स्मार्ट कार्ड शोधतं ते तुमच्या हातातल्या लॅपटॉपवर, लांबच्या संगणकावर नाही. यूएसबी टोकनही विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्डच. म्हणून तिकडे दिवा लागलेला असतो आणि पोर्टल मात्र नाही म्हणतं. शंका असेल तर त्याच रिमोट सत्रात हे चालवा:

```
certutil -scinfo
```

टेबलावरच्या टोकनचं नाव यादीत आलं नाही, तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी उठून त्या संगणकापाशी जा. (पिन विचारला तर रद्द करा, ही फक्त चाचणी आहे.)

आमच्या कारकुनाने आधी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. वीस मिनिटं गेली. मग कुणीतरी टोकनच्या सॉफ्टवेअरमधलं `Initialize Token` दाबायला सुचवलं. नावावरून ते निरुपद्रवी वाटतं, पण ज्या खाजगी किल्लीने सही होते, ती टोकनमधली किल्लीच त्याने पुसली जाते. तिची प्रत कुठेच नसते, कारण ती टोकनबाहेर येऊच नये अशीच रचना आहे. मग नवं प्रमाणपत्र घ्या, ते पोर्टलवर नोंदवा. तोवर मुदत कधीच संपलेली. नशिबाने हेडक्लार्कबाईंनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "आधी टेबलापाशी चल."

तिथे थेट लॉगिन करून त्याने सहीचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. टोकन लगेच दिसलं, पण पिन चुकीचा निघाला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. बाईंनी तिसऱ्यांदा टाकू दिला नाही. ठरावीक वेळा पिन चुकला की टोकन कुलूपबंद होतं. ही मर्यादा टोकनगणिक वेगळी असते, त्यामुळे अंदाजाने पिन टाकत बसणं महागात पडतं. पिनमध्ये अक्षरं होती आणि कळफलक मराठीवर राहिला होता. ठिपक्यांमागे ते कसं कळणार? भाषा बदलली, कॅप्स लॉक पाहिला, आणि सही झाली. पोर्टलच्या घड्याळात २:५१ वाजले होते. मुदत त्याच घड्याळावर मोजतात, भिंतीवरच्या नाही. पावतीचा क्रमांक येईपर्यंत त्याने पान हलवलं नाही, हे मात्र त्याचं शहाणपण.

टोकन खरंच कुलूपबंद झालं असतं, तर ते पीयूके किंवा प्रशासकाच्या पिननेच उघडलं असतं, आणि तो नेमका कुणाकडे आहे हे अशा वेळी सहसा कुणालाच आठवत नाही. दुसऱ्या अधिकृत व्यक्तीच्या टोकनने सही करता येते, पण ते पोर्टलवर आधीच नोंदवलेलं असेल तरच.