अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरच्या पेन्शनसाठी माणूस कसा नेमावा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बँकेत जाणं जमेनासं झालं की आजूबाजूचे सगळे एकच सल्ला देतात: "मुखत्यारपत्र करून टाका." या सल्ल्याने घरोघरी पैसा आणि महिने वाया जाताना मी बघतो आहे, म्हणून आधी हेच सांगतो. सरकारी पेन्शन ज्या खात्यात जमा होते, ते खाते मुखत्यारपत्र घेतलेल्या माणसाला चालवता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम तसा स्पष्ट आहे. स्टॅम्प पेपर, नोटरी, वकिलाची फी, सगळं करून तुम्ही काउंटरवर उभे राहता आणि समोरचा कर्मचारी कागद परत करतो. नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच असतं.

नॉमिनीचंही तसंच. खात्यावर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून आहे म्हणजे वडील आजारी असताना त्याला पैसे काढता येतील, असा समज फार पसरलेला आहे. नॉमिनीचा संबंध खातेदाराच्या मृत्यूनंतर येतो, त्याआधी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये ज्या 'नामनिर्देशित प्रतिनिधी'चा उल्लेख आहे, तोसुद्धा उपचारांच्या निर्णयांपुरता असतो. त्या कागदावर बँक पैसे देत नाही.

मग करायचं काय? ते पेन्शनरच्या अवस्थेवर ठरतं. शरीर थकलं आहे पण माणसाला कळतंय, की कळणंच गेलं आहे? हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला शाखेतच संपतो, दुसरा उच्च न्यायालयात जातो. आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे न ठरवता कागद गोळा करायला लागू नका.

शरीर थकलंय, समज शाबूत आहे

आजारी आणि असमर्थ पेन्शनरसाठी रिझर्व्ह बँकेने पद्धत घालून दिली आहे आणि ती साधी आहे. सही करता येत नसेल तर चेकवर किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर हाताच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा. हाताचा जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा चालतो. तोही शक्य नसेल तर पेन्शनरने केलेली एखादी खूण चालते. प्रत्येक वेळी दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. खूण करण्याची वेळ आली असेल, तर पैसे प्रत्यक्ष कोण नेणार हे पेन्शनर बँकेला सांगतो, साक्षीदार त्या माणसाची ओळख पटवतात आणि तो आपल्या सहीचा नमुना बँकेत देतो. प्रतिनिधी नेमणं म्हणजे एवढंच. सहीऐवजी अंगठा असतो तिथेही नेणाऱ्या माणसाची ओळख आणि सही त्याच वेळी देऊन टाकावी, म्हणजे पुढे काउंटरवर प्रश्न उरत नाही.

अर्ज शाखाधिकाऱ्याच्या नावाने करा. त्यात पीपीओचा, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा, नंबर आणि खाते नंबर घाला. सोबत डॉक्टरांचं पत्र आणि नेमायच्या माणसाचं आधार जोडा. पोहोच घ्या.

अडतं ते पुढे. अधिकाऱ्याला घरी आणणं आणि ती भेट एकाच फेरीत पार पाडणं हा या कामाचा खरा अवघड भाग आहे. मलाही सुरुवातीला इथेच फार झगडावं लागलं. "आमच्याकडे माणूस नाही, तुम्हीच व्हीलचेअरवर घेऊन या" हे उत्तर जवळपास प्रत्येक शाखेत पहिल्यांदा मिळतं. तिथे आवाज चढवू नका आणि आणायची तयारीही दाखवू नका. 70 वर्षांवरच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना सांगितलं आहे. अर्जात तो उल्लेख करा आणि लेखी उत्तर मागा. लेखी नकार द्यायला कोणी सहसा तयार होत नाही.

भेटीची वेळ सकाळचीच मागा. विसरण्याचा आजार असलेली माणसं सकाळी बऱ्यापैकी भानावर असतात आणि दिवे लागणीला गोंधळतात. सकाळी दहाला जो माणूस नातवाचं नाव घेऊन हाक मारतो, तोच संध्याकाळी "मला घरी सोडा" म्हणत स्वतःच्याच घरात अस्वस्थ होतो. अधिकारी बँक बंद करून जाता जाता सहा वाजता येतो म्हणाला, तर नम्रपणे नको म्हणा.

दुसरा साक्षीदार घरचा ठेवू नका. सून, जावई, भाऊ यांना स्वतंत्र कोणी म्हणणार नाही. त्याच शाखेत खातं असलेला शेजारी उत्तम, कारण बँक त्याला ओळखते.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरची भेट सांगतो, म्हणजे क्रम लक्षात येईल. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक, पण समज चांगली. पैसे बायकोने आणायचे असं ठरलं होतं. अधिकाऱ्याने मुलाला खोलीबाहेर थांबायला सांगितलं, आणि ते योग्यच होतं. मग गुरुजींना विचारलं, "हे कसले पैसे आहेत?" गुरुजी म्हणाले, "पेन्शन." "कोणाकडे द्यायचे?" त्यांनी मान बायकोकडे वळवली आणि म्हणाले, "हिच्याकडे." हा प्रश्न आणि हे उत्तर हाच सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. उत्तर घरच्यांनी द्यायचं नाही, सुचवायचंही नाही. शब्द फुटत नसतील तर बोट दाखवणं, मान हलवणं पुरतं, पण ते त्यांचं स्वतःचं हवं.

मग डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. म्हाताऱ्या कातडीवर रेषा पुसट असतात, त्यात तेल किंवा मलम लागलेलं असतं. आधी ओल्या फडक्याने बोट पुसा, कोरडं होऊ द्या, कागदाखाली पुठ्ठा धरा आणि अंगठा दाबण्याऐवजी हलकेच एका कडेकडून दुसरीकडे फिरवा. शाईचा नुसता गोळा उमटला तर तो कागद बाद समजा. म्हणून कोऱ्या स्लिपा जास्तीच्या ठेवा. पण अंगठा उठवलेली कोरी स्लिप घरात ठेवू नका. पुढच्या महिन्यांसाठी दहा स्लिपांवर अंगठे घेऊन ठेवा, हा सल्ला ऐकलात तर तो देणाऱ्यापासून लांब राहा. रक्कम न लिहिलेल्या त्या कागदांवरून भावंडांत पोलिसांपर्यंत जाणारी भांडणं होतात.

दर महिन्याला अधिकारी घरी येणार नाही. म्हणून त्याच भेटीत दुसरा एक कागद करून घ्या: पेन्शन जमा झाली की ठराविक रक्कम दर महिन्याला घरखर्चाच्या खात्यात वळती करावी, अशी स्थायी सूचना. मुखत्यारपत्राला बंदी असलेल्या पेन्शन खात्यावर ही सूचना मात्र चालते. गुरुजींच्या बाबतीत पत्नीच्या स्वतंत्र बचत खात्यात रक्कम जाऊ लागली आणि स्लिपेची गरज फक्त दवाखान्याच्या मोठ्या खर्चाला उरली.

जोडीदार हयात असेल तर याहून सोपा मार्ग आहे. केंद्र सरकारच्या पेन्शनरला, पीपीओवर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी ज्या जोडीदाराचं नाव आहे त्याच्यासोबत संयुक्त खात्यात पेन्शन घेता येते, आणि खातं 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीने चालवता येतं. राज्य सरकारच्या पेन्शनरांनी आपल्या कोषागारात विचारून घ्यावं. विसरण्याची पहिली लक्षणं दिसताच हे काम करून टाका. ते पुढे ढकलण्याचं एकही चांगलं कारण मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

कळणंच गेलं असेल तर

"कोणाकडे द्यायचे?" या प्रश्नाला उत्तर येत नसेल, किंवा दर वेळी वेगळं येत असेल, तर वरची पद्धत लागू होत नाही. अशा माणसाचा अंगठा धरून उठवणं हे चुकीचं आहे, मग पैसे त्याच्याच औषधाला लागणार असले तरी.

यात कायद्याची अडचण आहे. आपल्या करार कायद्याच्या (1872) कलम 201 नुसार, अधिकार देणाऱ्याचं मन स्वस्थ राहिलं नाही की त्याने दिलेला अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी मुखत्यारपत्र करून ठेवलं, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं. काटेकोर बघितलं तर स्थायी सूचनाही त्यांच्या समजेवरच उभी असते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अशा अपंगत्वांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यातल्या समितीकडून पालक नेमता येतो, पण म्हातारपणातला स्मृतिभ्रंश त्या यादीत नाही. 2017 च्या कायद्याने जुना मानसिक आरोग्य कायदा रद्द झाला आणि जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून घेण्याची त्यातली सोयही गेली.

उरतो तो उच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट अर्ज. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये कोमात असलेल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं, आणि सुरुवातीची दोन वर्षं तिच्या कामावर राज्य विधी सेवा प्राधिकरणाने लक्ष ठेवावं असं सांगितलं. अर्जासाठी न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल, सगळ्या वारसांची लेखी संमती, मिळकत आणि खात्यांची यादी आणि दरमहा खर्चाचा तपशील तयार ठेवा. न्यायालय स्वतः वैद्यकीय तपासणी करायला सांगू शकतं. परगावच्या बहिणीची संमती आधी घ्या, कारण एका वारसाची हरकत आली की प्रकरण रेंगाळतं. आदेशात पेन्शन खातं, बँक आणि शाखा नावानिशी यायला हवी, हे वकिलाला बजावून सांगा. मोघम आदेश घेऊन गेलात तर शाखा तो आपल्या कायदा विभागाकडे पाठवते.

डॉक्टरांच्या पत्राबद्दल एक गोष्ट पक्की धरा. नुसतं "डिमेन्शिया" लिहिलेलं पत्र दोन्ही रस्त्यांवर घात करतं. आजाराची सुरुवात असेल तर बँक उगाच घाबरते, आणि आजार वाढलेला असेल तर न्यायालयाला तेवढं पुरत नाही. आपल्या पैशाचा व्यवहार या माणसाला समजतो का, हे डॉक्टरांनी तपासून तारखेसह लिहावं. जे आहे तेच लिहू द्या, सोयीचं लिहायला सांगू नका.

नेमणूक झाल्यावर

नोव्हेंबरचा हयातीचा दाखला प्रतिनिधीच्या सहीने होत नाही. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो, किंवा मोबाईलवर `Jeevan Pramaan` चं चेहरा ओळखणारं ॲप वापरता येतं. पण डोळे उघडझाप करायला सांगून न कळणाऱ्या माणसाचा चेहरा ॲप घेत नाही. तिथे वेळ घालवू नका, ऑक्टोबरातच बँकेला घरभेटीचा अर्ज द्या.

काढलेल्या प्रत्येक रकमेची वही ठेवा आणि औषधांची बिलं तिला जोडत जा. पेन्शनरचा मृत्यू झाला की प्रतिनिधीचा अधिकार त्याच क्षणी संपतो. त्यानंतर जमा झालेली पेन्शन काढू नका, बँक ती वसूल करते. मृत्यूचा दाखला आणि पीपीओची प्रत शाखेत द्या, आणि जोडीदाराच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच फेरीत मागून घ्या.