‘आय लव्ह यू’ आधी कुणी म्हणायचं, आणि समोरचा गप्प राहिला तर?

माझी एक मैत्रीण ठाण्याची, तो गिरगावचा. भेटायचं दादरला, दोघांनाही मध्ये पडतं म्हणून. चौथ्या महिन्यात एका रविवारी फास्ट लोकल प्लॅटफॉर्मवर शिरत असताना तिनं पटकन ‘आय लव्ह यू’ म्हणून टाकलं आणि ती लेडीज डब्यात चढली. रात्री त्याचा मेसेज आला: ‘पोचलीस?’ बस. पुढचे दोन आठवडे दोघांचेही वाईट गेले.

आधी स्वतःला तपासा

किती महिन्यांनी म्हणावं याचा आकडा नाही. पण तुमचं निदान एक खरंखुरं भांडण होऊन मिटलेलं असावं. तोवर आपण ज्याच्यावर प्रेम करतो तो माणूस निम्मा आपल्याच डोक्यातला असतो. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: उत्तर आलंच नाही, तर उद्या ठरल्याप्रमाणे भेटायला जाईन का? ‘नाही’ असेल, तर तुम्हाला सांगायचं नाहीये, वदवून घ्यायचंय. मग थोडं थांबा. भांडणानंतर लगेच, दारू प्यायल्यावर आणि रात्री दोनच्या चॅटवर तर नकोच.

मुलीनं आधी म्हणावं का, हा प्रश्न हमखास येतो. २०११ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर अभ्यास केला होता. बायका आधी बोलतात असा लोकांचा समज होता, प्रत्यक्षात जास्त वेळा पुरुष आधी बोलले होते. तेव्हा ज्याला आधी वाटलं त्यानं म्हणावं.

शब्द निवडा

आपली खरी गोची इथं आहे. ‘तू मला आवडतोस’ हे कमी पडतं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणताना आपलं आपल्यालाच नाटकात उभं राहिल्यासारखं वाटतं. म्हणून आपण इंग्रजीत सुटका करून घेतो. इंग्रजीत म्हणा, काही बिघडत नाही. पण मराठी घरात वाढलेल्या माणसाला त्या तीन शब्दांमागून लगेच पुढचे प्रश्न ऐकू येतात: घरी कधी सांगायचं, आई काय म्हणेल, जातीचं काय, जागा कुठे घ्यायची. मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं होतं. वन रूम किचनमध्ये आईवडील आणि धाकट्या भावासोबत राहणाऱ्या त्या मुलाला तिचं वाक्य लग्नाची मागणी वाटलं.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करून सांगा. उदाहरणार्थ: ‘मी तुझ्या प्रेमात आहे. हे लग्नाचं विचारत नाहीये, आणि तू आत्ता काही म्हणायलाच हवं असंही नाही.’ एवढं बोलून थांबायचं. स्पष्टीकरण देत बसायचं नाही.

जागा आणि वेळ

मुंबईत एकांत मिळत नाही, पण चालता येतं. वरळी सी फेस किंवा माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स बरी. शेजारी शेजारी चालताना डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत, गप्प राहणंही खपून जातं. भेटीच्या मध्यावर बोला, पुढे तासभर हाताशी ठेवून. गेटवेहून एलिफंटाला जाणारी बोट मात्र टाळा. समोरच्याला नको झालं तर तासभर उतरता येत नाही!

तो गप्प राहिला तर

‘थँक्यू’ आलं, हसू आलं किंवा काहीच आलं नाही, तरी ‘मग तुझं काय?’ विचारू नका. दुसरा विषय काढा, चहा घ्या. पुढचे पाच-सहा आठवडे ते वाक्य पुन्हा म्हणू नका, आणि रुसवाही धरू नका. रुसवा म्हणजे तोच प्रश्न बिनशब्दांत विचारणं.

या काळात वागणं बघा. तो स्वतःहून फोन करतो का, मित्रांमध्ये नेतो का, तुम्ही आजारी असताना येतो का? हे सगळं चालू असेल, तर त्याला फक्त शब्द जड जातोय. उलट भेटी कमी झाल्या, ठरलेलं ऐनवेळी रद्द होऊ लागलं आणि फक्त त्याच्या सोयीनं रात्री उशिरा ‘ये ना’ येऊ लागलं, तर अडचण शब्दाची नाही.

मग एकदाच सरळ विचारा: ‘तुला वेळ हवाय, की हे नकोच आहे?’ ‘वेळ हवाय’ म्हणाला, तर किती थांबायचं ते मनाशी ठरवा. ती तारीख त्याला धमकी म्हणून ऐकवायची नाही. ‘नको’ म्हणाला, तर तिथेच थांबा. मित्रांमार्फत निरोप धाडू नका.

मैत्रिणीनं सहाव्या आठवड्यात विचारलं. तो म्हणाला, ‘मला तू हवी आहेस, पण घरी बोलायची हिंमत अजून नाही.’ तिला हे चाललं. तिनं स्वतःला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. गणपतीत तो तिला घरी आरतीला घेऊन गेला, ‘मैत्रीण’ म्हणून. ते तीन शब्द त्यानं अजून उच्चारलेले नाहीत. पण हल्ली तो तिला सोडायला दादरहून ठाण्यापर्यंत येतो आणि उलटी गाडी पकडून परत जातो.