चॅटबॉटने दिलेला फॉर्म्युला तपासताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या पाणीबिलाचा हिशेब असा होता की पहिल्या 20 युनिटांना प्रत्येकी 10 रुपये आणि त्यापुढच्या युनिटांना 15 रुपये. चॅटबॉटला मी एवढेच लिहिले की "20 पर्यंत 10 रुपये, 20 च्या वर 15 रुपये", आणि एक्सेलसाठी त्याने पुढील फॉर्म्युला दिला.

```
=IF(B2<=20,B2*10,B2*15)
```

मी 15 युनिट घालून पाहिले, उत्तर 150 आले आणि माझे समाधान झाले. पहिली चूक हीच. 20 च्या आतला कोणताही आकडा चुकीच्या फॉर्म्युल्यातही बरोबरच उत्तर देतो, त्यामुळे चाचणी टप्प्याच्या सीमेवर करावी. 20 चे 200 आणि 21 चे 215 रुपये हे कागदावर आधी लिहून ठेवले, तर या फॉर्म्युल्याने 21 साठी दिलेले 315 लगेच खटकते, कारण वाढीव दर त्याने सगळ्याच युनिटांना लावलेला असतो. दोष अर्थात माझ्या वाक्याचाही होता. "फक्त 20 च्या पुढच्या युनिटांना 15 रुपये, म्हणून 21 युनिटांचे 215" असे उदाहरणासह लिहिल्यावर हा फॉर्म्युला मिळाला.

```
=MIN(B2,20)*10+MAX(B2-20,0)*15
```

अपेक्षित उत्तरे मात्र त्याच चॅटबॉटकडून काढून घेऊ नयेत, कारण प्रश्नाचा अर्थ त्याने चुकीचा लावला असेल, तर उत्तरेही त्याच अर्थाने येतात आणि दोन्ही जुळलेली पाहून आपण निर्धास्त होतो.

नवा फॉर्म्युला 0, 20, 21 आणि 30 या चारही आकड्यांना अनुक्रमे 0, 200, 215 आणि 350 अशी बरोबर उत्तरे देतो, आणि इथेच थांबणे ही दुसरी चूक. रीडिंग न भरलेल्या, म्हणजे रिकाम्या सेलसाठी तो 200 रुपये दाखवतो! MIN ला दिलेल्या सेलमध्ये काही नसेल किंवा मजकूर असेल, तर ते फंक्शन त्या सेलकडे दुर्लक्ष करते आणि उरलेला 20 हाच आकडा धरते. दुसरीकडून चिकटवलेल्या यादीतला 18 हा आकडा मजकूर म्हणून आला असेल, तरीही 180 ऐवजी 200 येतात, आणि कुठेही त्रुटीची खूण दिसत नाही. असा आकडा बहुधा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला दिसतो, पण अलाइनमेंट हाताने बदललेली असेल तर तेही कळत नाही, म्हणून ही तपासणी फॉर्म्युल्यातच घालावी.

```
=IF(ISNUMBER(B2),MIN(B2,20)*10+MAX(B2-20,0)*15,"तपासा")
```

चाचणीच्या यादीत आता सहा ओळी असाव्यात: वरचे चार आकडे, एक रिकामा सेल आणि '18 असा आधी अवतरणचिन्ह देऊन मुद्दाम मजकूर केलेला आकडा. शेवटच्या दोन ओळींत "तपासा" दिसले, तरच फॉर्म्युला सगळ्या सदनिकांच्या यादीवर खाली ओढावा.