घर, नोकरी आणि दुकान: एकाच फोनवर तीन वेगळे चॅट टॅब

एकाच नंबरवर घरच्यांचे, ऑफिसचे आणि ग्राहकांचे मेसेज येत असतील, तर फोल्डर करायचं कुणीतरी सुचवतंच. बहुतेक जण मग लगेच तीन फोल्डर करतात, त्यात आठवतील ती नावं टाकतात आणि काम झालं असं समजतात. दोन-चार दिवस सगळं छान चालतं. मग एखादा नवा ग्राहक विचारणा करतो आणि त्याला उत्तरच जात नाही. कारण साधं आहे. त्याचं नाव तुम्ही कुठल्याच फोल्डरमध्ये टाकलेलं नसतं, आणि तुम्ही तर आता फक्त ‘दुकान’ हा टॅब उघडून बघत असता.

म्हणून फोल्डर करण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: अनोळखी नंबरवरून पहिल्यांदा आलेला मेसेज कोणत्या टॅबमध्ये पडला पाहिजे? दुकान चालवणाऱ्यासाठी उत्तर ठरलेलं आहे, तो दुकानात पडला पाहिजे. घरची आणि ऑफिसची माणसं आपल्याला आधीच माहीत असतात, त्यामुळे ती नावानिशी निवडता येतात. ग्राहक मात्र आधी माहीत नसतो. त्यामुळे घर आणि काम हे फोल्डर हाताने भरायचे, आणि दुकानाचा फोल्डर नियमाने भरू द्यायचा. टेलिग्राममध्ये हे नीट जमतं, म्हणून आधी ते सविस्तर पाहू.

समजा, तुम्ही दिवसा नोकरी करता आणि संध्याकाळी शिलाईचं दुकान चालवता. `Settings` मध्ये जाऊन `Chat Folders` उघडा आणि नवा फोल्डर करा. पहिल्याला ‘घर’ असं नाव द्या. नाव जितकं छोटं तितकं बरं, कारण वरच्या पट्टीत जागा कमी असते. `Included Chats` खाली घरच्यांचे चॅट आणि नातेवाइकांचे ग्रुप एकेक करून निवडा. इथे वरती `Contacts`, `Groups` असे तयार प्रकारही दिसतील, पण या फोल्डरसाठी त्यांना हात लावू नका. `Contacts` निवडलंत तर सेव्ह केलेले सगळेच नंबर घरात शिरतील. असाच दुसरा फोल्डर ‘काम’ नावाने करा, त्यात ऑफिसचे ग्रुप आणि सहकारी.

आता तिसरा, ‘दुकान’. इथे नावं निवडत बसायचं नाही. `Included Chats` मध्ये `Non-Contacts` निवडा, म्हणजे सेव्ह नसलेल्या नंबरांवरून येणारे मेसेज आपोआप इथे येतील. अनेक जण इथेच थांबतात, आणि इथेच घोळ होतो. ग्राहकाने ब्लाउज शिवायला टाकला, मापं ठरली, म्हणून तुम्ही त्याचा नंबर सेव्ह केला. त्या क्षणी तो `Non-Contacts` उरत नाही आणि दुकानाच्या टॅबमधून निघून जातो. म्हणजे जो ग्राहक पक्का झाला, नेमका तोच दिसेनासा होतो.

यावर उपाय म्हणजे `Contacts` आणि `Non-Contacts` दोन्ही निवडायचे, आणि मग खालच्या `Excluded Chats` मध्ये घरची आणि ऑफिसची माणसं नावाने वगळायची. आता दुकानाच्या टॅबचा अर्थ असा झाला: जे घरचे नाहीत आणि ऑफिसचेही नाहीत, ते सगळे वैयक्तिक चॅट. ग्राहकाचा नंबर सेव्ह करा किंवा करू नका, तो तिथेच राहतो. `Groups`, `Channels` आणि `Bots` मात्र निवडू नका. कापड किंवा अस्तर पुरवणाऱ्यांचा एखादा ग्रुप असेल, तर तेवढाच नावाने घाला. भाऊ घरचाही आहे आणि दुकानात मदतही करतो, तर त्याला वगळू नका. एक चॅट दोन फोल्डरमध्ये असलं तरी चालतं.

या पद्धतीला थोडी मेहनत आहे. एक फोल्डर दुसऱ्या अख्ख्या फोल्डरला वगळू शकत नाही, त्यामुळे घरची नावं दोनदा निवडावी लागतात: एकदा ‘घर’मध्ये घालायला, एकदा ‘दुकान’मधून काढायला. ऑफिसात नवा सहकारी आला की पुन्हा तेच. तरी मला हीच पद्धत योग्य वाटते, कारण इथे विसर पडला तर तो डोळ्यांसमोर येतो. वगळायचा राहिलेला सहकारी ग्राहकांच्या रांगेत दिसतो आणि तुम्ही लगेच दुरुस्त करता. हाताने भरलेल्या दुकानात राहून गेलेला ग्राहक मात्र दिसतच नाही.

वगळण्याच्याच यादीत वर `Muted`, `Read` आणि `Archived` असे तीन पर्याय आहेत. यातला `Read` दुकानासाठी निवडू नका. तो निवडलात तर वाचलेलं चॅट टॅबमधून नाहीसं होतं. ग्राहकाने विचारलं, “बाही थोडी लांब करता येईल का?” तुम्ही ते घाईत वाचलं, उत्तर नंतर देऊ म्हणालात, आणि परत आलात तेव्हा टॅब रिकामा. `Archived` निवडायला हरकत नाही. काम पूर्ण झालेली चॅट अर्काइव्ह करत गेलात की दुकानाच्या टॅबमध्ये चालू कामंच उरतात.

मोफत टेलिग्राममध्ये १० फोल्डर करता येतात आणि एका फोल्डरमध्ये १०० चॅट नावाने घालता येतात. तीन टॅबसाठी हे पुरून उरतं. फोल्डर पुसला तरी त्यातली चॅट पुसली जात नाहीत, त्यामुळे चुकलं तर बिनधास्त काढून पुन्हा करा.

झाल्यावर एकदा तपासून बघा. ज्यांचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही अशा कुणाला तरी मेसेज करायला सांगा. तो ‘दुकान’ टॅबमध्ये दिसला पाहिजे. मग तोच नंबर सेव्ह करा आणि पुन्हा बघा. तिथून हलला, तर `Contacts` निवडायचं राहिलंय.

व्हॉट्सअ‍ॅपवर ऑक्टोबर २०२४ मध्ये याद्यांची सोय जाहीर झाली. चॅटच्या वर फिल्टरची पट्टी असते, तिथल्या `+` वर टॅप करून नवी यादी करता येते. पण ही यादी हातानेच भरावी लागते, टेलिग्रामसारखा नियम लावता येत नाही. म्हणून इथे घर आणि काम अशा दोन याद्या करा, आणि नवे ग्राहक शोधायला `Unread` वापरा. आधी घर आणि काम वाचून संपवा, मग `Unread` उघडा. तिथे जे उरेल त्यात नवे ग्राहक सापडतील.

बिझनेस अ‍ॅप असेल तर लेबलंही मिळतात: नवा ग्राहक, नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे मिळाले, ऑर्डर पूर्ण अशा अर्थाची काही तयारच असतात. लेबल ग्राहकाला दिसत नाही, त्यामुळे ‘पैसे बाकी’ लावायला संकोच नको. फक्त पैसे आले की ते त्याच वेळी बदला, नाहीतर ज्यांनी चुकते केलेत त्यांनाच आठवण पाठवली जाईल.

टॅब केल्याने आवाज थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. ऑफिसच्या वेळात नातेवाइकांचा ग्रुप वाजू नये असं वाटत असेल, तर तो ग्रुप वेगळा म्यूट करावा लागतो. आणि नोटिफिकेशनवर टॅप केलं की तुम्ही कुठल्याही टॅबमध्ये असलात तरी थेट त्या चॅटमध्ये पोहोचता. तिथून उत्तर देताना वरचं नाव वाचूनच पाठवा.