अबॉर्शनच्या गोळ्या घेताय? मोजण्यातल्या या चुका टाळा

मी भांडुपला एका गायनॅक डॉक्टरांच्या क्लिनिकमधे सिस्टर आहे, आणि सोमवारी सकाळी येणारे निम्मे फोन तरी एकाच प्रकारचे असतात. "सिस्टर, शनिवारी गोळ्या घेतल्या, आता असं असं होतंय, हे नॉर्मल आहे का?" इतकी वर्षं ऐकून एक कळलंय, गोळ्या सहसा आपलं काम बरोबर करतात, गडबड होते ती मोजण्यात. आठवडे चुकीचे मोजतात, तास चुकीचे मोजतात, पॅड तर मोजतच नाहीत.

पहिली चूक : पाळी चुकल्यापासून दिवस मोजणं

गेल्या पावसाळ्यात एक पेशंट आली, सत्तावीस वर्षांची, दोन वर्षांचा मुलगा, सासू घरी. म्हणाली, दोनच आठवडे झालेत. कसे मोजले विचारलं तर २ जुलैला पाळी यायला हवी होती, आज १६ तारीख, म्हणजे दोन आठवडे. घरच्या कालनिर्णयवर तारखेला गोल करायची सवय होती म्हणून बरं, शेवटची पाळी ४ जूनला आलेली. मोजायचं असतं त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. ४ जून ते १६ जुलै, ४२ दिवस, म्हणजे सहा आठवडे पूर्ण!

तिला चाललं, कारण आपल्याकडे ह्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत देतात. पण हीच चूक करून कोणी "आमचे सहाच आठवडे" म्हणून मेडिकलमधून किट आणलं तर प्रत्यक्षात ते दहा आठवडे असतात, आणि मग ब्लीडिंग जास्त होण्याची, अर्धवट राहण्याची शक्यता वाढते. ज्यांची पाळी मुळातच पुढेमागे होते त्यांचा तर हिशोब कॅलेंडरवर लागतच नाही, तिथे सोनोग्राफीच लागते.

सोनोग्राफीचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा आहे. गर्भ पिशवीतच आहे ना, की नळीत अडकलाय हे त्यात दिसतं. नळीतल्या गर्भावर ह्या गोळ्या चालत नाहीत. घेतल्यावर थोडं अंगावरून जाऊ शकतं आणि बाईला वाटतं झालं मोकळं, आणि आत नळी फुगत असते. एका बाजूला सतत दुखणं, चक्कर, खांद्याच्या टोकाला विचित्र दुखणं, असं काही असेल तर वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, ब्लीडिंग थोडंसंच असलं तरी.

डॉक्टरांना आणखी काही गोष्टी आधीच सांगा : कॉपर टी बसवलीय का (असेल तर आधी काढावी लागते), रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा बरेच दिवस स्टेरॉईड चालू आहेत का, हिमोग्लोबिन फार कमी आहे का, ब्लड ग्रुप निगेटिव्ह आहे का. आणि हो, वय अठराच्या वर असेल तर सही फक्त बाईची लागते. नवऱ्याची सही हवी म्हणून तो गावाहून येईपर्यंत थांबलेल्या बायका मी पाहिल्यात, दोन आठवडे फुकट जातात आणि गोळ्यांची मुदतच निघून जाते.

दुसरी चूक : पहिली गोळी घेतली, थोडं लाल दिसलं, म्हणजे झालं

किटमधे पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅम, आणि चार मिसोप्रोस्टॉल, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम. दोघींचं काम वेगळं आहे. गर्भ टिकवून ठेवायला प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन लागतं, मिफे ते हार्मोन जिथे काम करतं ती जागाच अडवून बसते, त्यामुळे पिशवीचं आतलं अस्तर सुटायला लागतं आणि पिशवीचं तोंड मऊ पडतं. पण बाहेर काढायचं काम ती करत नाही. ते मिसोचं, तिने पिशवी आकुंचन पावते, कळा येतात आणि सगळं बाहेर पडतं. मिफेने पिशवी आधी तयार केलेली असते म्हणून मिसोचा असर जास्त होतो, मधे २४ ते ४८ तास ठेवतात ते त्यासाठीच.

मिफेनंतर बऱ्याच जणींना काहीच होत नाही, काहींना थोडे डाग दिसतात. डाग दिसले म्हणून उरलेल्या चार गोळ्या न घेणं ही मोठी चूक, कारण एकट्या मिफेने काम पूर्ण होईल याचा भरवसा नसतो. आणि गर्भ वाढत राहिला तर, विशेषतः मिसो घेऊनही राहिला तर, बाळात व्यंग राहण्याचा धोका असतो, म्हणून एकदा सुरू केल्यावर मधे सोडू नका. मिफे घेतल्यावर तासाभराच्या आत उलटी झाली तर क्लिनिकला कळवा, परत घ्यावी लागू शकते.

आमच्या पेशंटने शुक्रवारी सकाळी दहा वाजता क्लिनिकमधे मिफे घेतली, आणि मिसो शनिवारी दुपारी चारला, म्हणजे तीस तासांनी. वेळ आम्ही मुद्दाम तशी ठरवली, नवरा घरी, दुसऱ्या दिवशी रविवार, सासू पोराला घेऊन नणंदेकडे. मुंबईत हे बघावंच लागतं, मिसो घेऊन कोणी लोकल पकडू नका, आणि चाळीत संडास कॉमन असेल तर त्या संध्याकाळपुरतं बहिणीच्या नाहीतर मैत्रिणीच्या घरी राहता येतं का बघा.

तोंडातून घ्यायच्या असतील तर मिसोच्या चारही गोळ्या पाण्याबरोबर गिळायच्या नाहीत. दोन एका गालात, दोन दुसऱ्या गालात, हिरडी आणि गालाच्या मधे, अर्धा तास तशाच, मग जो काही पिठूळ चोथा राहील तो पाण्याबरोबर गिळायचा. गिळून टाकल्या तर असर कमी होतो. काही डॉक्टर जिभेखाली किंवा योनीमार्गात ठेवायला सांगतात, तुम्हाला जे सांगितलंय तेच करा. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन दिली असेल तर बिनधास्त घ्या, पेनकिलरने गोळ्यांचा असर जातो ही नुसती अफवा आहे.

तिसरी चूक : ब्लीडिंग "खूप" की "थोडं" हे नुसतं बघून ठरवणं

मिसोनंतर साधारण एक ते चार तासांत सुरू होतं, कधी जास्त वेळही लागतो. पाळीपेक्षा जास्त जाणार, गाठी पडणार, लिंबाएवढी गाठसुद्धा पडू शकते, कळा पाळीपेक्षा जोरात येणार. हे आधी सांगितलेलं नसेल तर कोणीही घाबरेल. म्हणून आम्ही पेशंटला कागद पेन जवळ ठेवायला सांगतो आणि पॅड बदलला की वेळ लिहायची. भिजलेला म्हणजे पुढून मागेपर्यंत पूर्ण भिजलेला, मोठा पॅड, दोन डाग पडले म्हणून बदललेला नाही.

तिचा कागद अजून आठवतो, लाईटबिलाच्या पाठीमागे लिहिलेलं. सहा वाजता सुरू. साडेसहा ते साडेसात एक पॅड. साडेसात ते साडेआठ दोन पॅड, एक मोठी गाठ. इथे नवऱ्याचा फोन आला, रिक्षा बोलवू का? मी म्हटलं पुढचा तास बघा, उभी राहिली की चक्कर येते का विचारा. चक्कर नव्हती, साडेआठ ते साडेनऊ एकच पॅड आणि कळा कमी. हेच अपेक्षित असतं, दोनतीन तास जोर आणि मग उतार. नियम असा, तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय तर हॉस्पिटल, रात्रीचे तीन वाजले असले तरी, गाडी नसेल तर १०८. आणि चक्कर येऊन पडली, घाम फुटला, ओठ पांढरे पडले तर दुसरा तास मोजत बसायचं नाही.

त्याच संध्याकाळी तिला थंडी वाजून १००.८ ताप आला होता, दहापर्यंत उतरला. तो मिसोचा असतो, उलटी जुलाबही त्याचेच. पण मिसोनंतर चोवीस तास उलटून गेल्यावर १००.४ किंवा जास्त ताप असेल, घाण वास येणारं पाणी जात असेल, पोटात दुखणं वाढतच असेल, किंवा ताप नसूनही अंगात त्राण नाही, मळमळ थांबत नाही, तर इन्फेक्शनची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दाखवायचं. क्रोसिन घेऊन ताप दाबत बसायचं नाही.

उलट बाजूही आहे. मिसोनंतर चोवीस तासांत काहीच गेलं नाही किंवा नुसते डाग पडले, तर "मला त्रासच झाला नाही" म्हणून खूश होऊ नका, फोन करा. गर्भ तसाच असू शकतो, किंवा नळीत असू शकतो.

चौथी चूक : सहाव्या दिवशी प्रेग्नन्सी टेस्ट

हिने हेच केलं! नको सांगितलेलं, तरी केली, दोन लाईन आल्या, आणि नवरा मेडिकलमधे दुसरं किट आणायला निघाला. गर्भ बाहेर पडला तरी टेस्टमधे दिसतं ते प्रेग्नन्सीचं हार्मोन रक्तात आणि लघवीत हळूहळू कमी होतं, टेस्ट चार आठवड्यांपर्यंतही पॉझिटिव्ह येऊ शकते. दुसरं किट अजिबात नाही. मळमळ, छाती जड वाटणं चारपाच दिवसांत गेलंय का ते बघा, तेच जास्त खरं सांगतं. जात नसेल तर तपासणीला या.

तिचं ब्लीडिंग बारा दिवस चाललं, शेवटचे पाच दिवस नुसते तपकिरी डाग, नऊ ते सोळा दिवस हे नेहमीचंच आहे, डाग महिनाभरही दिसू शकतात. पंधराव्या दिवशी फॉलोअपला आली तेव्हा हातात बाहेरून करून आणलेली सोनोग्राफी, त्यात पिशवीत थोडं रक्त, अस्तर जाड आणि "आरपीओसी?" असं लिहिलेलं, म्हणजे आत काही राहिलंय का अशी शंका. शेजारणीने सांगितलेलं, आता पिशवी धुवावीच लागणार. डॉक्टरांनी तपासलं, ताप नाही, दुखत नाही, ब्लीडिंग जवळजवळ थांबलेलं, गर्भाभोवतीची पिशवी रिपोर्टमधे नाही. म्हणाले काही करायचं नाही, पुढच्या पाळीत जाईल. थोडं रक्त आणि जाड अस्तर ह्या टप्प्यावर दिसतंच, नुसत्या रिपोर्टवर क्युरेटिंग करत नाहीत, बाईला त्रास काय होतोय त्यावर ठरतं. खरंच अर्धवट राहिलं असेल तर परत मिसो देतात किंवा सक्शनने पिशवी रिकामी करतात.

जाता जाता तिने विचारलं, पाळी आल्याशिवाय दिवस राहत नाहीत ना? राहतात. मिफेनंतर आठव्या दिवशीसुद्धा बीज सुटू शकतं, म्हणून कंडोम नाहीतर गर्भनिरोधक गोळ्या, जे काही ठरवायचं ते पाळीची वाट न बघता. तिने कॉपर टी बसवायचं ठरवलं आणि पुढची तारीख घेऊन गेली, ह्या वेळी मोबाईलमधे अलार्म लावून.