बोअरचं पाणी भरल्यावर तांबूस होतंय? फिल्टर विकत घेण्याआधी या चुका टाळा

मोटार चालू केली की पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. बादलीत भरून ठेवलं की तासाभरात पिवळसर होतं आणि सकाळी तळाशी केशरी गाळ बसलेला असतो. कमोडमध्ये तांबडी रेघ उमटते, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात, चहा काळपट होतो. लातूर, बीड, नांदेड कुठेही असा अनुभव आला की माणूस पहिल्यांदा फिल्टरवाल्याला बोलावतो. बहुतेक वेळा पैसे वाया जातात ते इथेच.

असं होण्याचं कारण साधं आहे. जमिनीत खोलवर, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे लोह पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. मीठ विरघळल्यावर दिसत नाही, तसं तेही दिसत नाही आणि कुठल्याही जाळीत किंवा वाळूत अडकत नाही. वर आल्यावर पाण्याला हवेतला प्राणवायू मिळतो, मग त्या लोहाचा गंज होतो आणि त्याचे बारीक कण तयार होतात. हे कण मात्र वाळू पकडू शकते. म्हणजे लोह काढायचं तर आधी त्याचा गंज होऊ द्यायचा आणि मग तो गाळायचा. खालच्या बहुतेक चुका या क्रमाशी जोडलेल्या आहेत.

गंज पाइपातला की पाण्यातला, हे न पाहणं

जुन्या बोअरला लोखंडी केसिंग असतं, काहींचे कॉलम पाइपही लोखंडीच. मोटार रात्रभर बंद राहिली की तिथला गंज सुटतो आणि सकाळचं पहिलं पाणी लाल येतं. म्हणून दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एक मोटार चालू करताच भरा, दुसरी वीस मिनिटांनी. पहिली लगेच लाल आणि दुसरी रात्रभर ठेवूनही स्वच्छ राहिली, तर दोष पाइपाचा आहे, फिल्टरवर खर्च करू नका. दुसरी भरताना स्वच्छ होती आणि नंतर केशरी झाली, तर लोह पाण्यातलंच आहे.

कमोडच्या टाकीत बुळबुळीत, जेलीसारखा तांबूस थर दिसत असेल तर लोहावर जगणारे जिवाणू बोअरमध्ये असण्याची शक्यता आहे. त्यांना आधी बोअरमध्येच क्लोरिन सोडून मारावं लागतं, नाहीतर ते फिल्टरही तुंबवतात. डाग तांबड्याऐवजी काळे असतील तर पाण्यात मँगनीज असू शकतं. ते नुसत्या हवेने सहसा निघत नाही.

टीडीएस मीटरवर विश्वास ठेवणं

विक्रेता मीटर बुडवतो, आठशे-नऊशे आकडा दाखवतो आणि आरओ बसवायला सांगतो. तो आकडा सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा असतो. लोह लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की डाग पडू लागतात, पण नऊशेच्या आकड्यात तीन-चार मिलिग्रॅम लोह कळणारही नाही. त्यासाठी लोहाची वेगळी तपासणी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विचारा. लोह आणि पीएच, हे दोन्ही आकडे मागून घ्या. नमुना किती वेळ मोटार चालवून घेतला, हेही त्यांना सांगा.

बोअरचं पाणी थेट आरओ किंवा सॉफ्टनरला जोडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. विरघळलेलं लोह मेंब्रेनपर्यंत पोहोचतं, तिथे त्याचा गंज होतो आणि मेंब्रेन लवकर चोंदतं. सॉफ्टनरमधल्या रेझिनवरही लोहाचा थर चढतो आणि मिठाच्या पाण्याने तो नीट सुटत नाही. ही यंत्रं हवीच असतील तर लोह काढून झाल्यावर लावा.

हवा दिल्यासारखं करणं

पाइप टाकीच्या तळाशी सोडून 'पाणी टाकीत पडतं की, हवा मिळतेच' असं समजलं जातं. एका घराचा हिशेब करून पाहू. औसा तालुक्यातलं घर आहे, रोजचा वापर हजार लिटर, लोह लिटरमागे ४ मिलिग्रॅम, पीएच ७.५. सात मिलिग्रॅम लोहाला साधारण एक मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. इथे लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा जास्त पुरेल. हवेत नीट खेळलेल्या लिटरभर पाण्यात सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे हवा भरपूर आहे, फक्त पाणी तिच्यात फुटलं पाहिजे.

त्यासाठी टाकीच्या तोंडावर पीव्हीसी पाइपाचा तुकडा आडवा बसवा, त्याला तीन मिलिमीटरची चाळीस-पन्नास छिद्रं पाडा आणि शेवटाला उघडता येणारं झाकण लावा, कारण छिद्रं गंजाने बुजतात. तिथून टाकीतल्या पाण्यापर्यंत किमान दोन-तीन फूट अंतर ठेवा, म्हणजे धारा हवेतून पडतील. तोंडाला डासांची जाळी आणि वर सावली हवीच, नाहीतर शेवाळ धरेल.

पीएच साडेसातच्या आसपास असेल तर बहुतेक लोहाचा गंज तासाभरात होतो. सातच्या खाली मात्र हे काम फार मंदावतं. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बहुतेकदा थोडं अल्कधर्मी असतं, त्याचा इथे फायदा होतो.

टाकीच्या अगदी तळातून पाणी घेणं

या घरात रोज चार ग्रॅम लोह टाकीत येतं. वाळलेल्या गंजाच्या हिशेबात ते साडेसात ग्रॅमच्या आसपास, म्हणजे महिन्याला सव्वादोनशे ग्रॅम. ओला गाळ याच्या कितीतरी पट होतो. म्हणून टाकी संध्याकाळी भरा, रात्रभर थांबू द्या आणि फिल्टरकडे जाणारी तोटी तळापासून वीतभर वर लावा. अगदी तळाला गाळ सोडायची वेगळी तोटी ठेवा आणि आठवड्यातून एकदा उघडा.

बॅकवॉशला कमी पाणी देणं

वरचं पाणी मग वाळूच्या फिल्टरमधून दुसऱ्या टाकीत सोडा. तेरा इंच व्यासाच्या फिल्टरमधून तासाला सहा-सातशे लिटर जाऊ द्या. जास्त वेगाने कण वाळूतून निसटतात. बॅकवॉशला, म्हणजे खालून वर उलटं पाणी सोडून वाळू धुण्याला, मात्र तासाला अडीच हजार लिटरच्या वर पाणी लागतं, तेव्हाच वाळू फुगते आणि अडकलेला गंज बाहेर पडतो. छोट्या पंपाने नुसती वाळू ओली होते, तिचे गोळे बनतात आणि दोन-तीन महिन्यांनी 'फिल्टर बिघडला' अशी तक्रार येते. मोटार घेताना फिल्टरच्या रोजच्या वेगाकडे न बघता बॅकवॉशकडे बघा. आठवड्यातून दोनदा, बाहेर पडणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत तो करा.

डागांवर ब्लिचिंग ओतणं

कपड्यातल्या लोहाला क्लोरिन मिळालं की डाग आणखी पक्का होतो. त्याऐवजी लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्व टाकून कपडा अर्धा तास भिजवा आणि नीट खळबळून घ्या. लिंबूसत्व आणि ब्लिचिंग कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. शहाबादी फरशीवरही हे वापरू नका. तो चुनखडीचा दगड आहे, आम्लाने त्याची चकाकी जाते.

तरीही पाणी पिवळं होत असेल तर

पहिल्या टाकीतलं हवा दिलेलं पाणी गाळणकागदातून गाळा आणि बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी ते परत केशरी झालं, तर गंज पूर्ण होत नाही. धारा नीट फुटतात का, पीएच किती आहे आणि पाणी टाकीत किती वेळ थांबतं, हे तपासा. गाळलेलं पाणी स्वच्छच राहिलं आणि फिल्टरनंतरचं मात्र पिवळं असेल, तर कण वाळूतून निसटत आहेत: वेग कमी करा, बॅकवॉश वाढवा. हवेने काम भागत नाही असं दिसलं तर क्लोरिनचा मोजका डोस हा पुढचा उपाय आहे. एक मिलिग्रॅम लोहाला साधारण ०.६ मिलिग्रॅम क्लोरिन लागतं.

लोह गेलं म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं मात्र नाही. नायट्रेट आणि फ्लोराइड या पद्धतीने जात नाहीत, आणि उघड्यावर हवा दिलेल्या पाण्यात जंतू शिरू शकतात. पिण्याचं पाणी वेगळं तपासून, उकळून किंवा क्लोरिन टाकूनच घ्या.